तीन गोळ्या संपल्या, ताप उतरला, तरी उत्तर चूक कसं?

*माझी मुलगी नववीत आहे. विज्ञानाच्या चाचणीत प्रश्न होता, ‘एका मुलाला दोन दिवसांपासून ताप, अंगदुखी आणि कोरडा खोकला आहे. तपासणीत इन्फ्लुएंझा निघाला. त्याला काय द्यावे?’ पर्याय होते: प्रतिजैविक; इन्फ्लुएंझाची लस; विश्रांती, भरपूर द्रवपदार्थ व तापाचे औषध; यांपैकी नाही. तिने ‘प्रतिजैविक’ निवडलं आणि कारण लिहिलं, ‘लस आजाराआधी घेतात, आजार झाल्यावर प्रतिजैविक घेतात.’ बाईंनी शून्य दिलं. ट्यूशनचे सर म्हणतात, ‘विषाणूला लस, जीवाणूला प्रतिजैविक, एवढं पाठ कर.’ पण गेल्या पावसाळ्यात हिला असाच ताप आला तेव्हा आमच्या डॉक्टरांनी ॲझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या दिल्या आणि तीन दिवसांत ती ठणठणीत झाली. मग चुकलं कोण, डॉक्टर की बाई? शाळेत जाऊन बोलू का? त्या गोळ्यांचं एक पाकीट नंतर मेडिकलमधून आणून ठेवलंय, ते ठेवावं का?*
*— एक आई, नाशिक*

ताई, बाईंनी दिलेलं शून्य बरोबर आहे. त्या गुणासाठी शाळेत भांडायला जाऊ नका. पण तुमच्या मुलीने लिहिलेलं कारण मी दोनदा वाचलं, कारण त्यातलं अर्धं वाक्य अगदी खरं आहे. आजार अंगात भिनल्यावर लस टोचून तो आजार जात नाही, हे तिने ओळखलं आणि दुसरा पर्याय योग्यच बाजूला ठेवला. तिचा पाय घसरला तो पुढच्या पायरीवर. लस आधीची म्हणजे नंतरचं ते प्रतिजैविक, असा हिशेब तिने केला. नंतर काय द्यायचं हे आजार कशामुळे झाला यावर ठरतं, आणि प्रश्नात ते स्पष्ट दिलेलं होतं: इन्फ्लुएंझा, म्हणजे विषाणू.

विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, हे वाक्य बहुतेक मुलांना पाठ असतं. का चालत नाही, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही, म्हणून परीक्षेत ते ऐन वेळी निसटतं. तुमच्याच घरातल्या गोळीपासून सुरुवात करू.

प्रत्येक जिवंत पेशीत प्रथिनं तयार करणारे बारीक कण असतात, त्यांना रायबोसोम म्हणतात. जीवाणू ही एक पूर्ण पेशी, त्यामुळे त्याचे स्वतःचे रायबोसोम असतात. ॲझिथ्रोमायसिन नेमकं या रायबोसोमला जाऊन चिकटतं आणि तयार होणारी प्रथिनाची साखळी मध्येच अडवतं. प्रथिनं मिळेनाशी झाली की जीवाणूची वाढ थांबते आणि आपल्या पांढऱ्या पेशी उरलेलं काम उरकतात. आपल्या पेशींमध्येही रायबोसोम आहेत, पण त्यांची घडण वेगळी असल्यामुळे हे औषध त्यांना धरत नाही. म्हणूनच ते आपल्याला पोटात घेता येतं. ॲमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन ही औषधं दुसऱ्या ठिकाणी घाव घालतात. जीवाणूभोवती एक मजबूत पेशीभित्तिका असते. जीवाणू वाढताना ती सतत नव्याने विणावी लागते. ही औषधं ती वीण बंद पाडतात आणि कच्च्या भिंतीचा जीवाणू आतल्या दाबाने फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते.

आता इन्फ्लुएंझाचा विषाणू पाहा. त्याला पेशीभित्तिका नाही, रायबोसोम नाही, स्वतःचं असं कोणतंही कामकाज नाही. जीवाणूच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा हा कण म्हणजे प्रथिनांच्या आणि मेदाच्या वेष्टनात गुंडाळलेली जनुकं. तो नाका-घशातल्या पेशीत शिरतो आणि तिथे आपल्या रायबोसोमकडून स्वतःची प्रथिनं करून घेतो. दुसऱ्याच्या घरात घुसून त्यांच्याच चुलीवर, त्यांच्याच भांड्यांत स्वयंपाक करणाऱ्यासारखं त्याचं वागणं. ॲझिथ्रोमायसिन जी वस्तू शोधत जातं ती या विषाणूकडे नसतेच, आणि ज्या रायबोसोमवर विषाणूचं काम चाललेलं असतं ते आपले असल्यामुळे औषध त्यांना हात लावत नाही. जास्त भारी प्रतिजैविक दिलं, दिवसातून तीनदा दिलं, इंजेक्शनने दिलं, तरी यात काही बदल होत नाही.

मग ती तीन दिवसांत बरी कशी झाली? तुमच्या मनात खरी अडचण हीच आहे आणि ती रास्त आहे. डोळ्यांसमोर मूल बरं झालेलं पाहिलंय, त्यापुढे पुस्तकातलं वाक्य फिकं वाटणारच.

त्या आठवड्याचे दिवस जरा मोजून बघा. साध्या फ्लूचा ताप तीन-चार दिवस जोरात असतो आणि मग आपणहून उतरतो. खोकला आणि थकवा त्यानंतरही आठवडाभर, कधी दोन आठवडे रेंगाळतो. आपण पहिल्या दिवशी घरचं बघतो, काढा देतो, पॅरासिटामॉल देतो. दुसऱ्या दिवशी ताप वाढला की दवाखाना गाठतो. म्हणजे पहिली गोळी पोटात जाते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणि तिसरी जाते चौथ्या दिवशी. ताप तेव्हाच उतरायचा असतो. गोळीच्या जागी खडीसाखर दिली असती तरी त्याच दिवशी उतरला असता, आणि श्रेय खडीसाखरेला मिळालं असतं. एका मुलीकडे पाहून हे कधीच कळणार नाही. त्यासाठी गोळी घेतलेले आणि न घेतलेले असे दोन मोठे गट शेजारी ठेवून पाहावे लागतात.

तसं पाहिलं गेलंय, आणि तेही याच गोळीच्या बाबतीत. कोविडच्या काळात आपल्याकडे घरोघरी ॲझिथ्रोमायसिन घेतलं जात होतं. कोविडही विषाणूचाच आजार, पण सुरुवातीला काही डॉक्टरांना वाटत होतं की या औषधाने फुप्फुसाची सूज तरी कमी होईल. ब्रिटनमध्ये ‘रिकव्हरी’ नावाची मोठी चाचणी झाली. रुग्णालयात दाखल झालेल्या कोविड रुग्णांपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने २,५८२ जणांना नेहमीच्या उपचारासोबत ॲझिथ्रोमायसिन दिलं, ५,१८१ जणांना दिलं नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. २८ दिवसांत दगावलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत २२ टक्के. गोळीने काहीही फरक पडला नव्हता. तरीही गोळी घेऊन बरे झालेले हजारो लोक होते आणि त्यांतला प्रत्येक जण शपथेवर सांगेल की मला गोळीनेच गुण आला.

तुमचे डॉक्टर चुकले का, यावर मी इथे बसून निकाल देणार नाही. त्यांनी मुलीला तपासलं होतं, मी तपासलेलं नाही. पावसाळ्यातला प्रत्येक ताप काही फ्लू नसतो. छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर एका बाजूला वेगळा आवाज आला असेल, घशात पांढरे ठिपके दिसले असतील, तर प्रतिजैविक देण्याला कारण होतं. फ्लू झालेल्या माणसालासुद्धा कधी कधी प्रतिजैविक लागतं. विषाणूने श्वासमार्गाचं अस्तर खरवडून काढलेलं असतं आणि त्या उघड्या जागेवर न्यूमोकोकस किंवा स्टॅफिलोकोकससारखे जीवाणू बस्तान बसवतात. त्यातून न्यूमोनिया होतो. त्याची खूण घरीही ओळखता येते: ताप उतरतो, एक-दोन दिवस बरं वाटतं आणि मग ताप पुन्हा चढतो, या वेळी धाप, छातीत कळ आणि वाढलेला खोकला घेऊन. हा दुसरा ताप दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. तिथे दिलेलं प्रतिजैविक त्या जीवाणूंसाठी असतं, फ्लूसाठी नसतं. परीक्षेतल्या मुलाला मात्र यातलं काहीच नव्हतं. दोन दिवसांचा ताप, कोरडा खोकला आणि तपासणीचा अहवाल एवढंच दिलं होतं.

जाता जाता एक गैरसमज इथेच काढून टाकते, कारण यामुळे फार गोळ्या खाल्ल्या जातात. कफ पिवळा-हिरवा झाला म्हणजे ‘इन्फेक्शन वाढलं, आता अँटिबायोटिक लागणार’ असं सर्रास म्हणतात. तो हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका विकराचा असतो. त्या पेशी विषाणूशी लढतानाही जमतात, त्यामुळे साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड हिरवट होतो. नुसत्या रंगावरून काही ठरवता येत नाही.

मुलीचा पुढचा प्रश्न ठरलेला असेल: मग विषाणूवर औषधच नाही का? काही विषाणूंवर आहे. इन्फ्लुएंझावर ओसेल्टामिविर आहे. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू पसरला तेव्हा ‘टॅमिफ्लू’ हे त्याचं नाव सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी झालं होतं. हे प्रतिजैविक नव्हे. नवे विषाणू पेशीतून बाहेर पडताना स्वतःला सोडवून घ्यायला एक विकर वापरतात, हे औषध त्या विकराला जखडतं. विषाणू पेशीलाच चिकटून राहतात आणि पुढे पसरत नाहीत. त्यामुळे ते लवकर सुरू केलं तरच खरा उपयोग, शक्यतो लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत. धडधाकट मुलामध्ये त्याने आजार साधारण एक दिवसाने कमी होतो. म्हणून ते सरसकट देत नाहीत. गरोदर बाई, तान्हं बाळ, म्हातारी माणसं, दम्याचे किंवा मधुमेहाचे रुग्ण, किंवा आजार जोरात असलेला कुणीही, अशांसाठी डॉक्टर ते ठरवतात. बाकीच्यांना विश्रांती, पाणी, पेज, सूप आणि तापासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. फ्लूमध्ये मुलांना ॲस्पिरिन मात्र देऊ नका. त्यातून यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा एक दुर्मीळ पण गंभीर विकार होऊ शकतो. चाचणीतला तिसरा पर्याय बरोबर का, ते यावरून तिला समजेल.

आता ट्यूशनच्या सरांच्या सूत्राकडे वळू, कारण मला जास्त काळजी त्याची वाटते. ‘विषाणूला लस, जीवाणूला प्रतिजैविक’ हे पाठ केलं तर ती पुढच्या चाचणीत दुसरा पर्याय निवडेल आणि पुन्हा शून्य मिळवेल. आणि सूत्र मुळातच चुकीचं आहे.

तिचं लसीकरणाचं कार्ड काढा आणि दोघी मिळून वाचा. जन्मल्यावर टोचलेली बीसीजी क्षयरोगासाठी. क्षयरोग जीवाणूमुळे होतो. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना दिलेल्या लसीत घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात हे तिन्ही आहेत, आणि तिन्ही जीवाणूंचे आजार. त्याच कार्डावर पोलिओ आहे, गोवर आहे, ते विषाणूंचे. लस दोन्हींवर असते. आपल्या मुंबईतलंच उदाहरण घ्या. १८९६ मध्ये प्लेग आला. प्लेगही जीवाणूचाच. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. प्लेगवर गुणकारी ठरलेलं स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक सापडलं १९४३ साली. म्हणजे जीवाणूवरची लस अर्ध्या शतकाआधी आली, तेव्हा प्रतिजैविकाचा पत्ताही नव्हता.

लस आणि प्रतिजैविक यांतला फरक कोणत्या जंतूवर चालतं इतकाच धरला की घोटाळा होतो. दोघांचं काम कुठे चालतं ते बघायला हवं. प्रतिजैविक थेट जीवाणूवर काम करतं. ते तुमच्या शरीराला काही शिकवत नाही. औषध अंगातून निघून गेलं की संरक्षणही गेलं. लस जंतूला हातच लावत नाही. ती शरीराला मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू, किंवा त्याचा एखादा तुकडा दाखवते. त्याला ओळखणाऱ्या पेशी निवडल्या जातात, वाढतात, प्रतिपिंडं बनवू लागतात आणि त्यांतल्या काही पेशी ती ओळख पुढे सांभाळून ठेवतात. या सगळ्याला वेळ लागतो. फ्लूच्या लसीनंतर पुरेशी प्रतिपिंडं व्हायला साधारण दोन आठवडे जातात. चाचणीतल्या मुलाला दुसऱ्या दिवशी लस टोचली असती तर ती तयारी पूर्ण होईपर्यंत तो बरा होऊन शाळेत बसलेला असता.

दोन्ही एकाच आजारात बघायचे असतील तर डांग्या खोकला घ्या. बाळाला लस देतो ती आजार होऊ नये म्हणून. तरी कुणाला झालाच, तर उपचारात दिलं जाणारं औषध कोणतं? तुमच्या घरात आहे तेच, ॲझिथ्रोमायसिन. इथे ते अगदी योग्य आहे, कारण समोर जीवाणू आहे. पण तिथेही उशीर झाला तर खोकला फारसा कमी होत नाही, कारण जीवाणूच्या विषाने श्वासनलिकेचं नुकसान आधीच केलेलं असतं. तेव्हा औषध मुख्यतः दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून देतात.

आणि हुशार मुलगी आहे, ती विचारेल, कुत्रा चावल्यावर मग लस नंतर कशी देतात? हा प्रश्न तिने बाईंनाही जरूर विचारावा. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेपासून नसांमधून मेंदूकडे फार सावकाश जातो, त्याला बहुधा काही आठवडे ते महिने लागतात. लगेच सुरू केलेली लस त्याच्या आधी प्रतिपिंडं तयार करते. खोल चावा असेल तर जखमेत तयार प्रतिपिंडंही टोचतात, म्हणजे मधले दिवस सांभाळले जातात. लस चाव्यानंतर दिली तरी आजार सुरू होण्याआधीच दिलेली असते. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर त्या लसीचा काही उपयोग होत नाही. फ्लूचा विषाणू मात्र एक ते चार दिवसांतच आजारी पाडतो, तिथे अशी सवड मिळत नाही.

राहिलं घरातलं पाकीट. ते ठेवू नका. पुढच्या तापाला डॉक्टरांकडे जायच्या आधी हात त्याच्याकडेच जाईल. मागच्या बाजूला उभी लाल रेघ असेल, तिचा अर्थच चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही असा आहे. मेडिकलवाल्याने ते तसंच द्यायला नको होतं. आणि ॲझिथ्रोमायसिनचा एक विशेष गुण आहे, तो इथे बाधतो. गोळ्या तीन दिवसांत संपतात, पण औषध शरीरातून फार हळू उतरतं. घशातल्या आणि आतड्यातल्या नेहमीच्या जीवाणूंना पुढे कितीतरी दिवस ते थोडं थोडं मिळत राहतं, मरण्यापुरतं नाही पण सवय होण्यापुरतं. त्यांतले जे तगतात ते वाढतात. विषाणूच्या तापासाठी अशी तीन-चार पाकिटं पोटात गेली, की खऱ्या जीवाणूच्या आजारात हेच औषध अपुरं पडण्याची शक्यता वाढते. जुलाब, पोटदुखी ही तर लगेच दिसणारी किंमत. मेडिकलवाला परत घेत असेल तर द्या, नाहीतर गोळ्या बाहेर काढून ओल्या मातीत किंवा चहाच्या चोथ्यात मिसळून, पिशवी बांधून कचऱ्यात टाका. संडासात किंवा मोरीत टाकू नका.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहिलं तर संकोच न करता विचारा, ‘डॉक्टर, हे जीवाणूचं आहे असं कशावरून वाटतं?’ आणि ‘दोन दिवस थांबून पाहिलं तर चालेल का? काय दिसलं तर लगेच परत येऊ?’ कित्येकदा डॉक्टरही रोग्याला गोळी हवी असते म्हणून लिहितात. तुम्ही थांबायला तयार आहात हे कळलं की त्यांनाही सोपं जातं. कारण सांगून त्यांनी गोळी दिलीच, तर मात्र सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्या, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

शाळेत जायचं असेल तर जा, पण गुणासाठी नको. बाईंना विचारा की शून्याशेजारी कारण एका ओळीत लिहाल का. मुलीलाही उत्तर नव्याने लिहू द्या, साधारण असं: ‘इन्फ्लुएंझा विषाणूमुळे होतो. प्रतिजैविके जीवाणूची पेशीभित्तिका किंवा रायबोसोम यांवर काम करतात. विषाणूला ते नसतात. लसीने प्रतिकारशक्ती निर्माण व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून ती आता उपयोगी नाही. त्यामुळे विश्रांती, द्रवपदार्थ व तापाचे औषध.’ आणि घरात आजी-आजोबा असतील, किंवा कुणाला दमा-मधुमेह असेल, तर फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांशी मे महिन्यातच बोलून घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, शिवाय हा विषाणू बदलत राहतो म्हणून ती लस दर वर्षी घ्यावी लागते.